टीबीच्या कल्चरला इतके आठवडे का लागतात?

बेडक्याचा नमुना दिल्यावर ‘कल्चरचा रिपोर्ट दीड-दोन महिन्यांनी मिळेल’ असं ऐकून रुग्णाच्या घरचे हवालदिल होतात. हा उशीर बहुतेक वेळा प्रयोगशाळेच्या संथपणामुळे होत नाही, त्या जंतूच्या स्वभावामुळे होतो. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी सुमारे वीस तास लागतात. एका जंतूपासून दहा लाख व्हायचे तर वीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. ई. कोलायला हे सात तासांत जमतं, क्षयाच्या जंतूला सोळा-सतरा दिवस लागतात.

बेडका तोंडातून येतो, म्हणून त्यात हे झपाट्याने वाढणारे जंतूही असतातच. त्यांना आधी आवरलं नाही तर एका रात्रीत सगळं खाद्य ते फस्त करतील. त्यासाठी नमुन्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि कफ पातळ करणारं रसायन मिसळून पंधरा-वीस मिनिटं ठेवतात, मग बफर घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि तळाचा गाळ घेतात. क्षयाच्या जंतूचं मेणचट कवच या क्षाराला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण पूर्णपणे नाही. वेळ लांबली किंवा क्षार तीव्र झाला तर तोही मरतो.

हा गाळ दोन ठिकाणी पेरतात. पहिलं घन माध्यम म्हणजे लोवेनस्टाइन-जेन्सन, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘एलजे’. त्यात कोंबडीची अंडी, ग्लिसरॉल, क्षार आणि मॅलॅकाइट ग्रीन हा रंग असतो. बाटल्या तिरप्या ठेवून सुमारे पंच्याऐंशी अंशांवर तापवल्या की अंडं गोठतं आणि हिरवा उतार तयार होतो. तो हिरवा रंग इतर जंतूंची वाढ रोखतो. दुसरं माध्यम द्रव असतं, मिडलब्रुक ७एच९ या खाद्याची छोटी नळी. तिच्यात पाच औषधांचं मिश्रण घालतात, तेही परक्या जंतूंना आवरण्यासाठीच. नळीच्या तळाशी एक संवेदक असतो. द्रवात प्राणवायू असेपर्यंत त्याची चमक दबलेली राहते. जंतूंनी तो संपवला की चमक वाढते. यंत्र दर तासाला ती मोजतं आणि ठरावीक पातळी ओलांडली की इशारा देतं. दोन्ही माध्यमं सदतीस अंशांच्या आसपास ठेवतात. नळी बेचाळीस दिवस पाहतात, एलजेची बाटली आठ आठवडे, दर आठवड्याला.

आता समजा, एका नमुन्याच्या नळीने तिसऱ्याच दिवशी इशारा दिला. इथे आनंदाआधी शंका यायला हवी, कारण क्षयाचा जंतू इतक्या लवकर सहसा पुढे येत नाही. नळी हातात घेतली तर सगळा द्रव गढूळ झालेला दिसतो. क्षयाच्या वाढीत बहुधा वरचा द्रव स्वच्छ राहतो आणि तळाशी बारीक कण बसतात. तरी नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवत नाहीत. काचपट्टीवर थेंब घेऊन झील-नील्सन रंगवतात. क्षयाचे जंतू लाल दिसतात, बरेचदा एकमेकांना बिलगून पीळदार रांगांत. आपल्या नळीत मात्र निळे जंतूच दिसले. एक थेंब ब्लड अगारवर टाकला, तर दुसऱ्या दिवशी त्यावर भरपूर वाढ आली. म्हणजे नळी दूषित झाली आहे. शीतकपाटात राखून ठेवलेल्या गाळावर पुन्हा क्षाराची प्रक्रिया करून नवी नळी लावतात.

त्याच नमुन्याची एलजेची बाटली मात्र शाबूत राहिली. पहिल्या आठवड्यात तिचं माध्यम पातळ झालं नाही, रंग बदलला नाही, बुरशीही आली नाही. चौथ्या आठवड्यात तिच्यावर फिकट पिवळसर, कोरड्या, खडबडीत, ब्रेडच्या चुऱ्यासारख्या वसाहती दिसल्या. सात दिवसांच्या आत किंवा गुळगुळीत, भगव्या रंगाच्या आल्या असत्या तर मायकोबॅक्टेरियम कुळातल्या दुसऱ्या एखाद्या जंतूचा संशय आला असता. इथे लाल जंतू दिसले आणि क्षयाच्या जंतूचं एमपीटी६४ हे प्रथिन ओळखणारी पट्टीही पॉझिटिव्ह आली. वसाहती वीसपेक्षा कमी असतील तर रिपोर्टमध्ये नेमकी संख्या लिहितात, जास्त असतील तर अधिकच्या खुणा.

दूषित नळ्यांचं प्रमाण शून्यावर आणावं असं कुणालाही वाटेल. ते चूक आहे, हे मला ठामपणे सांगावंसं वाटतं. घन माध्यमात तीन ते पाच टक्के आणि द्रवात त्याहून काहीसे जास्त नमुने दूषित निघणं अपेक्षित धरतात. प्रमाण फार खाली गेलं तर क्षाराचा मारा जरा जास्तच झाला, आणि क्षयाचे जंतूही त्यात गेले, अशी शंका घ्यावी लागते. तो रुग्ण मग निगेटिव्ह म्हणून घरी जातो. प्रमाण फार वाढलं तर नमुना उन्हात किंवा वाटेत पडून राहिला का, क्षाराचं प्रमाण चुकलं का, हे तपासतात.

रिपोर्टवर ‘कंटॅमिनेटेड’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ निगेटिव्ह असा होत नाही. त्या तपासणीने अजून काहीच सांगितलेलं नसतं. अशा वेळी सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला नवा बेडका द्यावा आणि तो त्याच दिवशी पोहोचेल असं पाहावं.