आकड्यांची पारख : एक बरोबरी हरवली तर

गेल्या आठवड्यात आपण बाजार समितीतल्या आवकेचे आणि भावाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. या वेळी खेळाचं पान उघडू. नगरमधल्या शाळांच्या फुटबॉल गटापासून देशपातळीवरच्या लीगपर्यंत सगळीकडे गुणतक्ता लागतो. सामने, विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल, खाल्लेले गोल, गोलफरक आणि गुण असे आठ रकाने त्यात असतात. कधी कधी हे रकाने एकमेकांशी भांडतात. सामने सांगतात एक आणि गुण सांगतात दुसरंच. अशा वेळी चूक कोणत्या रकान्यात आहे हे कसं ओळखायचं, एवढाच आजचा प्रश्न.

उदाहरण आपल्या शेजारचंच घेतो. कोरोनाच्या काळात इंडियन सुपर लीगचा २०२०-२१चा संपूर्ण हंगाम गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाला. अकरा संघ होते आणि प्रत्येकाचे २० सामने. साखळीचा शेवटचा दिवस होता २८ फेब्रुवारी २०२१ आणि त्या दिवशी दोन सामने होते. एफसी गोवा आणि हैदराबाद यांची गोलशून्य बरोबरी झाली. मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-० असं हरवलं. हे दोन निकाल तक्त्यात चढवताना काय काय चुकू शकतं, ते एकेक करून पाहू.

गोव्याची खरी ओळ अशी : सामने २०, विजय ७, बरोबरी १०, पराभव ३, गोल ३१ विरुद्ध २३, गोलफरक +८, गुण ३१. आता समजा, तक्ता लिहिणाऱ्याने हैदराबादच्या ओळीत ती बरोबरी चढवली आणि गोव्याच्या ओळीत चढवायची राहून गेली. सामन्यांच्या रकान्यात मात्र सगळ्यांसाठी २० छापून टाकले, कारण साखळी संपली होती. मग ओळ होते : सामने २०, विजय ७, बरोबरी ९, पराभव ३, गोलफरक +८, गुण ३०.

बहुतेक लोक तपासणी गुणांपासून सुरू करतात. सात विजयांचे २१, नऊ बरोबरींचे ९, एकूण ३०. जुळलं! आणि इथेच फसगत होते. गुण हा स्वतंत्र आकडा नाही. तो विजय आणि बरोबरी यांच्यावरून काढलेला असतो, त्यामुळे मुळात बरोबरीच चुकली तर गुणही तिच्याबरोबर चुकतात आणि दोघं मिळून एकमेकांची साक्ष देतात. गोलफरकही इथे उपयोगाचा नाही, कारण गोलशून्य सामन्याने गोलांच्या रकान्यात काहीच हलत नाही. या ओळीत खरं बोलतो तो फक्त सामन्यांचा रकाना. सात, नऊ आणि तीन मिळून १९ होतात, २० नाही.

मग चूक कुणाची? सामने खरंच १९ झाले असतील आणि २० हा आकडाच चुकीचा असेल, अशीही शक्यता राहते. ओळीत बसून हा निवाडा होत नाही, त्यासाठी उभे रकाने बेरजायला लागतात. सामना दोघांचा असतो, त्यामुळे लीगमधल्या सर्व संघांच्या सामन्यांची बेरीज नेहमी सम येते. अकरा संघांचे प्रत्येकी २० म्हणजे २२०, म्हणजेच ११० सामने. गोव्याचे १९ धरले तर बेरीज २१९ होते आणि साडेएकशेनऊ सामने कुणी खेळत नाही. गोव्याचा एक सामना बाकी असता, तर आणखी कुणाचा तरी एक बाकी दिसला असता.

आता बरोबरीचा रकाना बेरजा. त्या हंगामात खरी बेरीज ८४ आहे, म्हणजे ४२ सामने बरोबरीत सुटले. आपल्या चुकलेल्या तक्त्यात ती ८३ येते. बरोबरीची बेरीज विषम येऊच शकत नाही. विजयांची बेरीज ६८ आणि पराभवांचीही ६८, म्हणजे ते दोन रकाने शाबूत आहेत. गुन्हेगार बरोबरीच्या रकान्यातच आहे. माझा स्वतःचा शिरस्ता असा, की तक्ता हाती आला की आधी बरोबरीचा रकाना बेरजायचा. अर्ध्या मिनिटाचं काम असतं आणि गुणांच्या बेरजेपेक्षा ते जास्त बोलतं.

गुणांचीही एक बेरीज आहे, ती ताळा म्हणून करावी. निकाली सामन्यातून लीगमध्ये तीन गुण वाटले जातात, बरोबरीतून दोनच. म्हणून एकूण गुण म्हणजे सामन्यांची तिप्पट वजा बरोबरीत सुटलेले सामने. ३३० वजा ४२, म्हणजे २८८. खऱ्या तक्त्यातल्या अकरा संघांचे गुण मिळवले तर २८८च येतात. चुकलेल्यात २८७ येतील. विजयाला दोनच गुण देण्याच्या जुन्या काळातला तक्ता हाती आला, तर हा हिशेब आणखी सोपा : गुणांची बेरीज म्हणजे सामन्यांची दुप्पट, बरोबरी कितीही असोत.

चूक बरोबरीत आहे हे कळलं, पण कोणत्या सामन्याची? गोव्याच्या वीस सामन्यांची निकालयादी काढायची आणि प्रत्येक बरोबरीसमोर प्रतिस्पर्ध्याच्या यादीत तीच बरोबरी शोधायची. हैदराबादच्या यादीत २८ फेब्रुवारीचा ०-० आहे आणि गोव्याच्या हिशेबात नाही, तिथे शोध थांबतो.

दुसरा सामना जास्त रंजक आहे. शेवटच्या दिवसाआधी मोहन बागानचे १९ सामन्यांत ४० गुण होते, मुंबईचे ३७. मुंबईचे गोल ३३ विरुद्ध १८, बागानचे २८ विरुद्ध १३. दोघांचाही गोलफरक +१५! मुंबईने २-० जिंकलं. तिचा फरक +१७ झाला, बागानचा +१३, दोघांचे गुण ४० आणि साखळीतलं पहिलं स्थान मुंबईला. दोन गोल एका ओळीत चढले, तेच दुसऱ्या ओळीत उतरले.

म्हणूनच संपूर्ण लीगच्या गोलफरकाची बेरीज शून्य यायला हवी. त्या तक्त्यात अधिकचे फरक मिळून +५२ होतात आणि उणेचे मिळून −५२. केलेले गोल २८६, खाल्लेलेही २८६. समजा, मुंबईची ओळ दुरुस्त केली आणि बागानची तशीच राहिली, तर गोलफरकाची बेरीज +२ येईल, विजय ६८ पण पराभव ६७ होतील. बेरीज दोनने जास्त आली म्हणजे कुठल्या तरी सामन्याचे दोन गोल एकाच बाजूने लिहिले गेलेत, असा थेट माग मिळतो. बेरजेतला फरक सम असेल तर मात्र आणखी एक शंका घ्यावी. उणे चिन्ह गळलं असलं, म्हणजे −६ चं +६ झालं असलं, तर बेरीज १२ ने चुकते, त्या आकड्याच्या दुपटीने. केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांचे रकाने जुळत असतील आणि फक्त फरकाची बेरीज सम आकड्याने हुकत असेल, तर आधी चिन्हं तपासा.

काही विसंगती तर बेरीज न करताही दिसतात. नगरच्या एखाद्या शालेय स्पर्धेत चार संघांचा गट धरा, प्रत्येकाचे तीन सामने. त्यात कुणाचे आठ गुण दिसले तर तक्ता चुकलाय. तीन विजयांचे नऊ, दोन विजय आणि एक बरोबरीचे सात, मध्ये आठ नाहीतच. तसंच, एकही सामना न हरलेल्या संघाचा गोलफरक निदान विजयांइतका तरी असायलाच हवा. दोन विजय, एक बरोबरी आणि फरक +१, हे घडूच शकत नाही.

वर्तमानपत्रं जागेअभावी विजय, बरोबरी, पराभव हे रकाने गाळतात तेव्हा पंचाईत होते. २० सामने आणि ३१ गुण एवढंच छापलं, तर विजय सहापासून दहापर्यंत कितीही असू शकतात. अशा तक्त्यात गोलफरकाची शून्य बेरीज आणि सामन्यांचं समपण एवढीच हत्यारं उरतात.

आणि आता या सगळ्या पद्धतीची मर्यादा. एखाद्या सामन्यात जिंकलेल्या आणि हरलेल्या संघाची अदलाबदल झाली, पण दोन्ही ओळी सारख्याच चुकल्या, तर एकही बेरीज चुकत नाही. त्याचं ढळढळीत उदाहरण २०२४-२५च्या आय-लीगमध्ये घडलं, फक्त तिथे अदलाबदल चुकून झाली नव्हती, ती निवाड्याने झाली होती. १३ जानेवारी २०२५ रोजी नामधारी संघाने इंटर काशीला २-० हरवलं. नामधारीने निलंबित खेळाडू उतरवल्याची तक्रार झाली. भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने सामना काशीला ३-० असा बहाल केला, अपील समितीने तो निर्णय फिरवला. त्यानुसार गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांनी पहिला आणि काशी ३९ गुणांनी दुसरा ठरला. एप्रिलमध्ये चर्चिलला विजेता जाहीरही केलं. मग लॉझानच्या क्रीडा लवाद न्यायालयात निकाल पुन्हा फिरला आणि १८ जुलै २०२५ रोजी ४२ गुणांसह काशी विजेती ठरली.

तक्त्याच्या दृष्टीने पाहिलं तर २-० पराभवाचा ३-० विजय होताना काशीचा गोलफरक −२ वरून +३, म्हणजे पाचने वर जातो आणि नामधारीचा पाचने खाली. विजयांची, बरोबरींची, गुणांची, गोलफरकाची बेरीज जिथल्या तिथे राहते. केलेल्या गोलांची एकूण बेरीज फक्त एकाने वाढते, आणि खाल्लेल्यांचीही. म्हणजे एप्रिलचा तक्ता आणि जुलैचा तक्ता, दोन्ही बेरजेला खरे उतरतात. बेरीज कोणता तक्ता लागू आहे ते सांगत नाही, ते निर्णयाच्या कागदावरच्या तारखेवरून ठरतं. हात घाईचा असेल तर मात्र पुरावा राहतो. कुणी नुसतेच तीन गुण वाढवले आणि विजय, पराभव, गोल तसेच ठेवले, तर काशीच्या ओळीत विजयांची तिप्पट अधिक बरोबरी गुणांपेक्षा तीनने कमी भरते.

याच्या उलट, ओळ जुळत नसूनही तक्ता बरोबर असू शकतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२३-२४ला एव्हर्टनचे १३ विजय आणि ९ बरोबरी होत्या, म्हणजे ४८ गुण. तक्त्यात आहेत ४०. आर्थिक नियम मोडल्याबद्दल आठ गुण कापले होते. त्यामुळे फरक फक्त गुणांच्या रकान्यात असेल, बाकी सातही रकाने सर्व बाजूंनी जुळत असतील, तर खोडरबर हाती घेण्याआधी तळटीप शोधा.

कबड्डीवाल्यांनी हे सूत्र जसंच्या तसं उचलू नये. प्रो कबड्डीत कितीतरी हंगाम विजयाला पाच, बरोबरीला तीन आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्यालाही एक असा हिशेब होता. तिथे एकूण गुणांची बेरीज निकालांवरून आधीच सांगता येत नाही, कारण निसटते पराभव किती झाले ते तक्त्याच्या रकान्यांत दिसत नाही. पण विजय आणि पराभव यांची बेरीज सारखी, बरोबरी सम आणि गुणफरक मिळून शून्य, हे तिन्ही ताळे कबड्डीच्या मैदानावरही चालतात.