मंजुरीपासून रुजू होईपर्यंत

चाकण-भोसरीच्या परिसरातील कारखान्यांची भरतीची दफ्तरे गेली दहा-बारा वर्षे मी जवळून पाहत आलो आहे, आणि या काळात त्या दफ्तरांचे स्वरूप जितके पालटले तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या खात्याचे पालटले असेल. १९५९च्या कायद्यानुसार सेवायोजन कार्यालयास रिक्त जागा कळवावयाच्या, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावयाची आणि आलेल्या अर्जांतून माणसे निवडावयाची, हा जुना परिपाठ १९९७मध्ये ‘नौकरी’ हे संकेतस्थळ निघाल्यानंतर हळूहळू मागे पडत गेला. आणि अर्जांची संख्या पुष्कळ वाढल्यावर, आपण माणसे किती लवकर, किती खात्रीने आणि कोणत्या वाटेने मिळवितो याचा हिशेब ठेवणे भरती खात्यांस अपरिहार्य झाले. या हिशेबाची तीन मापे सर्वत्र रूढ झाली: निवडीस लागलेले दिवस, ऑफर स्वीकारली जाण्याचे प्रमाण आणि उमेदवार ज्या मार्गाने आला त्या मार्गाची गुणवत्ता.

पहिल्या मापाचा सारा घोटाळा घड्याळ कोठे सुरू करावयाचे यात होता. जागेस मंजुरी मिळाल्याच्या तारखेपासून मोजले तर जागा भरण्याचा काळ निघतो. उमेदवाराचा अर्ज हाती आल्याच्या तारखेपासून त्याने ऑफर स्वीकारीपर्यंत मोजले तर निवडीचा काळ निघतो. पहिला आकडा कारखान्याची गैरसोय सांगतो, दुसरा उमेदवारास किती ताटकळत ठेवले ते सांगतो. आणि बहुतेक दफ्तरांत हे दोन्ही एकाच रकान्यात मिसळलेले मी पाहिले. पुढे वरिष्ठांनी दिवसांची मुदत ठरवून दिली, तेव्हा काही ठिकाणी उमेदवाराची नोंद मुलाखतीच्या दिवशीच होऊ लागली, जेणेकरून घड्याळ उशिरा सुरू व्हावे. हे ओळखण्याची खूण सोपी होती: अर्जाची तारीख आणि पहिल्या मुलाखतीची तारीख ओळीमागून ओळीत एकच असे.

सरासरीनेही पुष्कळांची दिशाभूल केली. समजा, दहा जागा अनुक्रमे २२, २४, २६, २७, २९, ३०, ३२, ३४, ९६ आणि १३० दिवसांत भरल्या. यांची सरासरी ४५ दिवस येते. परंतु ४५ दिवसांच्या आसपास भरलेली एकही जागा या यादीत नाही. मध्यक काढला तर साडेएकोणतीस दिवस निघतात, आणि आठ जागांची वाट निर्वेध असून दोनच जागा, बहुधा अनुभवी टूलरूम इंजिनिअर किंवा रोबोट प्रोग्रॅमर यांच्या, अडून राहिल्या आहेत हे तत्काळ दिसते. शिवाय जी जागा अद्याप भरलीच नाही ती या हिशेबात येतच नाही. म्हणून वर्षभर रिकामी असलेली जागा कागदावर कोणासही सलत नाही. यावर उपाय म्हणून उघड्या जागांचे वय दर महिन्यास वेगळे मांडण्याची पद्धत काही खात्यांनी सुरू केली, आणि माझ्या मते या काळात झालेल्या सुधारणांत तीच सर्वांत मोलाची होय. तिच्यासोबत प्रत्येक टप्प्याची तारीख नोंदली गेली, तेव्हा असेही आढळले की दिवस जातात ते मुलाखतींत नव्हे, तर मुलाखतीनंतर विभागप्रमुखाच्या शेऱ्याची वाट पाहण्यात.

दुसऱ्या मापाविषयी मला अधिक विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडील परिस्थितीत ते परदेशी पुस्तकांत आहे तसे उचलून चालत नाही. ऑफर स्वीकारणे आणि कामावर रुजू होणे यांत आपल्याकडे नोटीस पीरियडचे अंतर असते, आणि ते अनेक कंपन्यांत ९० दिवसांचे आहे. या तीन महिन्यांत स्वीकृतीचे पत्र खिशात असलेला उमेदवार पुन्हा बाजारात उभा राहू शकतो. त्याची जुनी कंपनी पगारवाढ देऊन त्यास थांबवू शकते, किंवा तिसरीच कंपनी आपल्या ऑफरवर चढी ऑफर देऊ शकते. समजा, एका सहामाहीत ४० जणांस ऑफर दिल्या, त्यांपैकी ३४ जणांनी त्या स्वीकारल्या आणि प्रत्यक्षात २५ जण रुजू झाले. स्वीकृतीचे प्रमाण ८५ टक्के भरते आणि बैठकीत ते समाधानाने वाचले जाते. परंतु फाटकातून आत आलेल्यांचे प्रमाण साडेबासष्टच टक्के असते. जे नऊ जण मधल्या काळात गळाले त्यांच्यासाठी इतर उमेदवारांस नकार कळवून झालेला असतो, आणि शोधाचा प्रारंभ पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. २०२१-२२च्या सुमारास, एकेका उमेदवाराच्या हाती अनेक ऑफर असत तेव्हा, ही दरी इतकी रुंदावली की केवळ स्वीकृतीचा आकडा पाहणे निरर्थक ठरले.

हा हिशेब महिन्यावारी केला तरीही फसतो. कारण जूनमध्ये रुजू झालेल्या मनुष्यास ऑफर मार्चमध्ये मिळालेली असते, आणि जूनच्या रुजू झालेल्यांस जूनच्या ऑफरींनी भागले तर शंभराहून अधिक टक्केही येऊ शकतात. ऑफर ज्या महिन्यातली, त्या महिन्याच्या तुकडीचाच शेवटपर्यंत पाठपुरावा केला पाहिजे. दुसरी एक गोष्ट अशी की, अनेक ठिकाणी पगार तोंडी ठरवून, होकार पक्का करूनच पत्र काढीत. अशा ठिकाणी नकार पत्राआधीच घडून गेलेला असे आणि स्वीकृती शंभराच्या जवळ राही. तोंडी नकाराचीही तारीख आणि कारण नोंदविल्यावाचून या प्रमाणास अर्थ येत नाही. आणि कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ हा एकच शब्द पानभर दिसला, तर त्या उमेदवारांस कोणी मनापासून विचारलेलेच नाही, असे खुशाल समजावे.

तिसरे माप सर्वांत उशिरा रुजले, कारण त्याचे फळ दिसण्यास वर्ष जावे लागते. पोर्टल, कन्सल्टन्सी, कॅम्पस, वॉक-इन आणि कर्मचाऱ्यांची शिफारस यांपैकी कोणत्या वाटेने आलेली माणसे सहा महिन्यांनी कायम झाली आणि वर्षाअखेर कामावर राहिली, हा तो प्रश्न. ओळखीतून आलेली माणसे अधिक काळ टिकतात, हे मार्टिन गॅनन यांनी अमेरिकेतील बँक-कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९७१मध्येच दाखविले होते, आणि येथील दफ्तरांतही बहुधा तेच आढळे. परंतु पोर्टलवरून सहा जण घेतले आणि तीन टिकले, शिफारशीने पाच घेतले आणि चार टिकले, एवढ्यावर निर्णय देता येत नाही. त्या पाचांतील आणखी दोघे सोडून गेले तर चित्र उलटे होते. दोन-तीन वर्षांच्या तुकड्या एकत्र केल्यावरच काही बोलावे.

मूळ वाटेची नोंदही वादग्रस्त असे. एकच उमेदवार पोर्टलवर असतो, कन्सल्टन्सी त्याचेच नाव पाठविते, आणि त्याचा मित्रही त्याची शिफारस करितो. कन्सल्टन्सीचे शुल्क आणि मित्राचा बोनस या दोहोंचा प्रश्न असल्याने रकान्यात काय लिहावयाचे यावर तगादे येत. प्रथम नोंद ज्याची, त्याचे श्रेय, हा नियम आधी लेखी करून ठेवलेल्या खात्यांत हे वाद मिटले. शिफारशीच्या बोनसनेही एक विपर्यास घडविला: तो सहा महिने पुरे झाल्यावर मिळे, म्हणून सहा महिन्यांचे टिकून राहणे उत्तम दिसे आणि सातव्या-आठव्या महिन्यात राजीनामे येत. त्यामुळे पुढे काही कारखान्यांनी टिकण्याची मोजणी बाराव्या महिन्यावर नेली, आणि तिच्या शेजारी प्रत्येक वाटेने आलेल्यांचे गाव आणि कॉलेज यांचीही विभागणी मांडली. कारण शिफारशीवर फार भिस्त ठेवली की एकाच तालुक्यातील, एकाच कॉलेजातील मुले एका पाळीत गोळा होतात आणि बाहेरच्या योग्य उमेदवारास त्या फाटकापर्यंत पोचण्याची वाटच उरत नाही.