पेढे विचारण्याआधी

दहावीचा निकाल मंडळाच्या संकेतस्थळावर दुपारी १ वाजता लागतो. पावणेदोनपर्यंत मिठाईच्या दुकानासमोर रांग लागलेली असते आणि इमारतीच्या जिन्यात जो भेटेल तो विचारत असतो, "काय रे, किती पडले?" मोठ्या माणसांची ही सवय आता मोडायची नाही. पण शाळेत वर्षभर शेजारच्या बाकावर बसलेला मित्र त्याच जिन्यात समोर आला आणि त्याचे गुण आपल्याला ठाऊक नसले, तर पहिलं वाक्य काय बोलायचं?

"किती पडले?" या प्रश्नाला उत्तर फक्त आकड्यात देता येतं. आकडा सांगायचा नसेल तर गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसलं की समोरचा समजायचं ते समजतोच. "पेढे कुठायत?" दिसायला आनंदाचा, पण तो पास झालास हे धरूनच चालतो. "पास झालास ना?" यातल्या त्या 'ना'ची तऱ्हाही तीच. तिन्ही वाक्यांत उत्तर आपण आधीच ठरवलेलं असतं आणि मित्राला फक्त मान डोलवायची किंवा आपल्याला खोटं पाडायचं, एवढंच उरतं.

पहिल्या तासाभरात एक सोपी वाट असते. एकदम लाखो मुलं निकाल बघायला लागली की संकेतस्थळ अडकतं, पान फिरत राहतं. तेव्हा "तुझ्याकडे उघडलं का रे?" हा खराखुरा प्रश्न असतो. ज्याला सांगायचं आहे तो टक्के सांगतो. ज्याला नाही, तो "नाही अजून" म्हणून जिना उतरतो, आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवायचा. संध्याकाळी सहाला मात्र हाच प्रश्न विचारू नये. तोवर सगळ्यांना पान उघडलेलं असतं आणि प्रश्न खडा टाकून पाहण्याचा होतो.

एक मोह मित्रांनाच होतो. निकाल पाहायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. शेजारी बसणाऱ्याचा क्रमांक पुष्कळदा आपल्या मागचा किंवा पुढचाच असतो, आणि त्याच्या आईच्या हातचं तर आपण जेवलेलो असतो. दोन्ही गोष्टी माहीत, मोबाइल हातात. तरी त्याचा निकाल काढून पाहू नये. पाहिला की त्याला भेटताना चेहरा आधीच तयार होतो आणि तो चेहरा मित्राला लगेच वाचता येतो. माहीत नसण्यात एक मोकळेपणा असतो, तो आपल्या हाताने घालवू नये.

मग संध्याकाळी काय म्हणायचं? जे रोज म्हणतो तेच. "काय रे, कुठे निघालास?" निकालाचा विषय त्याने काढला तर काढला. समजा, तो म्हणाला, "शहाऐंशी." इथेही "भारी रे!" म्हणायची घाई नको. नव्वदची वाट पाहणाऱ्याला शहाऐंशी टोचतात, सत्तर धरून बसलेल्याला तेच आभाळाएवढे वाटतात. "मग, घरी काय म्हणाले?" असं विचारलं की त्याच्या आवाजावरून कळतं, पाठ थोपटायची की नुसतं ऐकायचं.

आणि समजा, तो म्हणाला, "गणित राहिलं." मुलं 'नापास' हा शब्द टाळतात, विषय 'राहतो' म्हणतात. आपणही तोच शब्द वापरावा. "असू दे, होतं असं" हे लगेच म्हणू नये. त्याला अजून काही झालेलं नसतं, आत्ताच होत असतं. "राहिलं का? चल, सायकल काढ," एवढं पुरतं. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा पावसाळ्यातच होते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. हे सगळं आपल्याला माहीत असावं, पण त्याने विचारलं तरच सांगावं. जिन्यात उभ्या उभ्या मिळालेला सल्ला कोणाच्या डोक्यात शिरत नाही.

शेवटचा प्रश्न बहुतेक तोच विचारतो, "आणि तुला?" इथे चांगली मुलंही घसरतात. "कसलं रे, फक्त एक्याण्णव," असं म्हणतात. त्यांना तो नम्रपणा वाटतो. पण गणित राहिलेल्याच्या कानाला त्यातलं 'फक्त' तेवढं ऐकू येतं. "एक्याण्णव" म्हणावं आणि थांबावं. मग सायकलच्या चाकात हवा आहे का ते बघावं.