‘तसलं काही नाही ना?’

“देवानं आता न्यावं,” गोळ्या द्यायला आलेल्या विद्यार्थिनीला मावशी म्हणतात. ती घाबरते आणि विचारते, “मावशी, तुमच्या मनात तसलं काही नाही ना?” मावशी म्हणतात, “नाही गं.” विषय तिथंच संपतो.

हा मानसिक आरोग्य परिचर्येच्या वर्गातला सराव. मावशी म्हणजे दुसरी विद्यार्थिनीच. मग चुकलं कुठं? ‘नाही ना’ म्हटलं की समोरच्याला ‘हो’ ऐकायचं नाही, हे रुग्णाला बरोबर कळतं. शिवाय खाटेशेजारी सून बसली होती.

दुसऱ्या वेळी विद्यार्थिनी सुनेला चहाला पाठवते आणि खुर्ची ओढून बसते. तिच्या हाती ‘कोलंबिया स्केल’चे सहा प्रश्न आहेत. “गेल्या महिनाभरात मरून जावं, झोपेतून उठूच नये असं वाटलं का?” मावशी मान हलवतात. “आत्महत्येचा विचार मनात आला का?” इथं तो शब्द स्पष्ट उच्चारायचा. त्यानं विचार मनात पेरला जाईल अशी भीती अनेकांना वाटते, पण आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. मावशी थोडा वेळ गप्प राहतात. ती शांतता मोडायची घाई करायची नाही. मग, “आला होता.”

आता पुढचे तीन प्रश्न येतात: कसं करायचं याचा विचार केला का, तसं करायचा इरादा होता का, काही योजना ठरवली का. दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ आलं असतं तर हे तीन गाळले असते. सहावा मात्र प्रत्येकाला विचारायचाच: पूर्वी कधी प्रयत्न किंवा तयारी केली होती का? मावशींनी इरादा आणि योजना दोन्ही नाकारल्या, पण इथं त्या सांगतात, दोन महिन्यांपूर्वी तयारी करून त्या थांबल्या होत्या. शेवटच्या तीन महिन्यांतली अशी कृती म्हणजे जास्त धोका. सहावा प्रश्न राहिला असता तर हे निसटलं असतं.

यानंतर मावशींना एकटं सोडायचं नाही. कुणाला तरी सोबत बसवून इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं, हाताशी घातक वस्तू राहू द्यायच्या नाहीत आणि नोंदीत मावशींचेच शब्द लिहायचे. “कुणाला सांगू नकोस हं,” असं त्या म्हणाल्या तर खोटं वचन देऊ नये: “तुमच्या जिवासाठी डॉक्टरांना सांगावंच लागेल, पण वॉर्डभर बोलणार नाही.” पोलिसांची धास्ती असेल तर सांगावं, 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच मानलं जातं.

या सहा प्रश्नांनी भविष्य कळत नाही. आज ‘नाही’ म्हणणारा रुग्ण उद्या ‘हो’ म्हणू शकतो, म्हणून घरी सोडताना पुन्हा विचारावं.

तुमच्या घरी कुणी असं बोललं तर सरळ विचारा, ऐकून घ्या आणि त्यांना एकटं सोडू नका. ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो.