एकाच विषयाच्या सरांकडून शिफारसपत्र

अमेरिकेत एमएससाठी अर्ज करताना बहुतेक विद्यापीठे तीन शिफारसपत्रे मागतात. प्रोजेक्ट गाइड आणि विभागप्रमुख यांच्यावर दोन निभावतात. तिसऱ्यासाठी गाडी अडते आणि मग पाचव्या सत्रात एकच विषय शिकवलेले सर आठवतात.

त्या सरांच्या हाताखालून दरवर्षी शेकडो मुले जातात. त्यामुळे “सर, मी आपला विद्यार्थी, एलओआर हवे आहे” एवढ्या मेलवर त्यांना चेहराही आठवत नाही. मेलमध्ये विषय, वर्ष, रोल नंबर, मिळालेली ग्रेड आणि सरांनी स्वतः पाहिलेले एखादे काम हवे. उदाहरणार्थ: “डेटाबेसच्या मिनी प्रोजेक्टमध्ये माझी क्वेरी फार वेळ घेत होती. आपण इंडेक्स तपासायला सांगितलेत, मी तो बदलून पुन्हा डेमो दिला.” एवढ्यावर सरांना निदान एक परिच्छेद खात्रीने लिहिता येतो. सोबत सीव्ही, एसओपीचा मसुदा आणि विद्यापीठांची अंतिम तारखांसह यादी जोडावी. डिसेंबरच्या मुदतीसाठी ऑक्टोबरमध्येच विचारलेले बरे.

“माझ्याबद्दल ठामपणे लिहिणे आपल्याला शक्य नसेल, तर तसे नि:संकोच सांगा,” हे वाक्य जरूर घालावे. मोघम पत्रापेक्षा नकार परवडतो.

“तूच लिहून आण, मी सही करतो,” असेही काही सर म्हणतात. तिथे गफलत होते. एकाच हातची तीन पत्रे शब्दांवरून ओळखू येतात. शिवाय पत्र अपलोड करण्याची लिंक विद्यापीठ थेट सरांच्या मेलवर पाठवते. अशा वेळी पत्राऐवजी मुद्दे लिहून द्यावेत.