दऱ्या, दर्या आणि ब्राउझर

समजा, एका गिर्यारोहण संस्थेच्या वेबसाइटवर चॅटची चौकट आहे. वेबसाइट इंग्रजीत आहे, पण चौकशी करणारे बरेचसे मराठी असल्यामुळे चॅटवर बसलेली कार्यकर्ती मराठीतच उत्तर देते. साताऱ्याहून एकाने पावसाळी मोहिमेबद्दल विचारले आणि तिने लिहिले: ‘पावसात दऱ्यांच्या कडेला जाऊ नका. नोंदणी १५ जूनपूर्वी करा. फॉर्म भरून झाल्यावर Save Draft नको, Submit दाबा.’ तिने ‘१५ जून’ ठळक केले आणि उत्तर पाठवून दिले.

तिच्या पडद्यावर उत्तर चोख दिसते. साताऱ्याच्या माणसाच्या पडद्यावर मात्र ते तसेच दिसेल याची खात्री नाही. मधे त्याचा ब्राउझर आहे. पानावरचा पसारा हटवून नुसता मजकूर दाखवणारे ‘वाचन-दृश्य’ आणि पान आपोआप दुसऱ्या भाषेत करणारे ‘भाषांतर’ या ब्राउझरच्या दोन्ही सोयी फार उपयोगाच्या आहेत. पण दोन्ही अंदाजावर चालतात. पानावरचा खरा मजकूर कोणता याचा अंदाज पहिली सोय करते, तो कोणत्या भाषेतला आहे याचा अंदाज दुसरी करते. चॅटमधले छोटेसे मराठी उत्तर या दोन्ही अंदाजांना चकवते.

आधी वाचन-दृश्य पाहू. २००९ मध्ये ‘रीडेबिलिटी’ नावाचे एक छोटे साधन निघाले. जाहिराती आणि बाजूच्या पट्ट्या काढून लेख तेवढा समोर ठेवणे हे त्याचे काम. २०१० मध्ये सफारीने ही सोय ब्राउझरमध्येच आणली. फायरफॉक्सचे वाचन-दृश्य आजही त्याच साधनाच्या सुधारित रूपावर चालते, आणि त्याचा कोड खुला असल्यामुळे ते निवड कशी करते हे कुणालाही वाचता येते.

वाचन-दृश्याचे बटण दाखवायचे की नाही, हे ते आधी एका सोप्या हिशोबाने ठरवते. पानावरचा प्रत्येक परिच्छेद मोजायचा आणि १४० अक्षरचिन्हांपेक्षा लहान असलेले सोडून द्यायचे. उरलेल्या प्रत्येकाच्या लांबीतून १४० वजा करून वर्गमूळ काढायचे आणि ही वर्गमुळे मिळवत जायची. बेरीज २० च्या वर गेली की पान वाचनीय ठरते. म्हणजे एकच परिच्छेद असेल तर तो ५४० चिन्हांहून मोठा हवा. चॅटमधली उत्तरे दोन-तीन ओळींची असतात. अशी पन्नास उत्तरे एकाखाली एक असली तरी बेरीज शून्यच राहते आणि बटण उगवतच नाही. उत्तर मुद्द्यांच्या यादीत लिहिले असेल तर त्या यादीतल्या ओळी या मोजणीत धरल्याच जात नाहीत.

इथे मराठीला नकळत थोडी सवलत मिळते. ‘दऱ्यांच्या’ या शब्दात डोळ्याला तीनच अक्षरे दिसतात: द, ऱ्यां, च्या. संगणकाच्या लेखी मात्र व्यंजन, हलन्त, काना, अनुस्वार ही प्रत्येक खूण वेगळी असते, म्हणून त्याच शब्दाची तो दहा चिन्हे मोजतो.

बटण आले तरी पुढे चाळणी आहे. पानाच्या प्रत्येक चौकटीला ती बनवणाऱ्याने पडद्यामागे एक नाव दिलेले असते. लेखाचा भाग नसण्याची शक्यता असलेल्या नावांची यादी या साधनाजवळ आहे. `sidebar`, `footer`, `banner`, `popup` यांच्याबरोबर त्या यादीत `comment`, `replies` आणि `shoutbox` हेही शब्द आहेत. यादी बनली ती बातम्या आणि लेखांच्या पानांसाठी. तिथे ‘उत्तरे’ म्हणजे लेखाखालची चर्चा, आणि ती गाळणे योग्यच. चॅटच्या पानावर मात्र उत्तर हाच मुख्य मजकूर असतो. गिर्यारोहण संस्थेच्या चौकटीचे नाव `replies` असेल, तर कार्यकर्तीचे उत्तर पहिल्याच फेरीत बाजूला पडते. चौकटीला ‘संवाद-खिडकी’ अशी भूमिका, म्हणजे `role="dialog"` दिली असेल तरी तेच होते. हाती ५०० चिन्हांपेक्षा कमी मजकूर लागला तर साधन नियम सैल करून पुन्हा प्रयत्न करते. पण त्याच पानावर मोहिमेची लांबलचक माहिती असेल, तर ५०० चिन्हे तिथेच भरतात आणि सैल फेरीची वेळच येत नाही. वाचणाऱ्याला मोहिमेचे वर्णन छान मोठ्या टायपात दिसते, त्याच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे गायब असते.

आणखी एक अडचण आहे. अनेक वेबसाइटवरचा चॅट दुसऱ्या कंपनीकडून घेतलेला असतो आणि पानात पान बसवावे तसा बसवलेला असतो. वाचन-दृश्य वरच्या पानाची प्रत घेऊन तिच्यावर काम करते. आतल्या पानात ते शिरतच नाही.

आता भाषांतर. गूगलच्या भाषांतर सेवेत मराठी आली २०१३ मध्ये. २०१७ मध्ये तिला न्यूरल पद्धतीची जोड मिळाली आणि वाक्ये बरीच सुधारली. क्रोममधून पान भाषांतरित होते तेव्हा पडद्यामागे काय घडते ते पाहण्यासारखे आहे. मूळ मजकुराचा तुकडा उचलला जातो आणि त्याच्या जागी नव्या वेष्टनात भाषांतर ठेवले जाते:

```html
<font style="vertical-align: inherit;">
  <font style="vertical-align: inherit;">…</font>
</font>
```

स्थिर पानावर याचा त्रास होत नाही. पण चॅटचे पान सतत बदलत असते. नवे उत्तर येते, ‘टाइप करत आहे’ ही ओळ येते आणि जाते. हे बदल करणारा रिॲक्टसारखा कोड आपला मूळ तुकडा कुठे ठेवला होता ते लक्षात ठेवून असतो. भाषांतराने तो तुकडा काढून टाकलेला असतो. मग दोनपैकी एक गोष्ट होते. कधी कोड पडद्यावर नसलेल्या तुकड्यातच बदल करत राहतो आणि वाचणाऱ्याला जुनेच उत्तर गोठलेले दिसते. कधी तो तुकडा काढायला जातो, सापडत नाही, आणि सगळी चौकट कोरी होते. रिॲक्ट बनवणाऱ्यांकडे ही तक्रार २०१७ पासून नोंदलेली आहे. तपासायला ब्राउझरचे कन्सोल उघडावे. तिथे `Failed to execute 'removeChild' on 'Node'` ही ओळ दिसली आणि पानाच्या पहिल्याच `html` खुणेवर `translated-ltr` हे नाव चिकटलेले असले, तर भाषांतराकडे बोट दाखवायला हरकत नाही.

चौकट शाबूत राहिली तरी मजकूर शाबूत राहील असे नाही. कार्यकर्तीने ‘१५ जून’ ठळक केले होते. पडद्यामागे ते असे असते:

```html
<p>नोंदणी <b>१५ जून</b>पूर्वी करा.</p>
```

इंग्रजीत ‘before’ हा सुटा शब्द तारखेच्या आधी उभा राहतो. मराठीत ‘पूर्वी’ तारखेला चिकटते. ठळक करण्याच्या खुणेने नेमका तोच सांधा तोडला. आता यंत्रापुढे तीन तुकडे आहेत. ते जुळवण्याचा प्रयत्न होतो, पण प्रत्येक वेळी साधत नाही. एकटे पडलेले ‘पूर्वी’ मराठीत ‘एके काळी’ या अर्थाचाही शब्द आहे. मुदत सांगणारे वाक्य मग मुदतच हरवून बसू शकते, किंवा ठळकपणा भलत्याच शब्दावर जाऊन बसतो. उपाय साधा आहे. ठळक करायचे तर प्रत्ययासकट, ‘१५ जूनपूर्वी’ असा अख्खा शब्द करावा. दुव्यालाही हेच लागू आहे. ‘अर्जा’ एवढाच दुवा करून ‘च्या’ बाहेर ठेवू नये.

‘दऱ्यांच्या’ या शब्दाची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्यातला अर्धा र मराठीचा खास आहे आणि संगणकावर तो दोन प्रकारे लिहिला जातो. एक प्रकार ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यांच्यामागे एक न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण मजकूर साफ करणाऱ्या एखाद्या टप्प्याने न दिसणारी चिन्हे कचरा समजून काढली, तर दुसऱ्या प्रकारातला अर्धा र रफार होऊन डोक्यावर चढतो. दऱ्या होत्या त्या दर्या होतात. आता भाषांतर अचूक झाले तरी वाचणाऱ्याला पावसात समुद्रकिनारी जाऊ नका असे सांगितले जाईल. आचाऱ्यांना दिलेला निरोप आचार्यांना जातो तो याच वाटेने. म्हणून चॅटसाठी मराठी लिहिताना ऱ हे अक्षर वापरणारा पहिला प्रकारच सुरक्षित ठरतो.

राहिले Save Draft आणि Submit. साताऱ्याच्या माणसाने इंग्रजी पाने आपोआप मराठीत करण्याची सोय चालू ठेवली आहे. पान इंग्रजी धरले गेल्यामुळे बटणावरचे शब्द मराठीत आले. उत्तरातले इंग्रजी शब्दही बदलले असतील किंवा नसतील. एका जागी ‘सबमिट करा’ आणि दुसऱ्या जागी ‘सादर करा’ असेही होऊ शकते. उत्तरात सांगितलेले बटण शोधणारा माणूस पडद्यावर वेगळेच शब्द पाहतो.

भाषा ओळखण्यातही मराठीची एक अडचण आहे. लिपी हिंदीसारखीच, आणि चॅटमधली वाक्ये तोकडी. ‘नाव, पत्ता, फोन’ एवढ्यावरून यंत्राला खात्रीने ठरवणे कठीण. अंदाज हिंदीकडे झुकला की मराठीतली ‘शिक्षा’ शिक्षण होते आणि ‘यंत्रणा’ यातना होते. त्यातच संपूर्ण पानावर ‘हे इंग्रजी आहे’ अशी पाटी असेल तर आतल्या मराठीचा पत्ता लागणे अधिकच कठीण. या पाटीचा परिणाम अक्षरांच्या वळणावरही होतो. काही देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे वेगळी ठेवलेली असतात आणि ती मजकूर मराठी आहे असे सांगितल्यावरच उमटतात.

चॅट बनवणाऱ्याला हे दोन खुणांत सांगता येते:

```html
<div lang="mr">
  नोंदणी <b>१५ जूनपूर्वी</b> करा.
  <span translate="no">Submit</span> दाबा.
</div>
```

पहिली खूण भाषा सांगते, दुसरी बटणाच्या नावाला हात लावू नका म्हणते. संपूर्ण उत्तरालाच `translate="no"` लावण्याचा मोह होतो, पण मग मराठी न येणाऱ्याला ते स्वतःच्या भाषेत करून घेता येत नाही. बटणांवरही हीच दुसरी खूण लावली, तर उत्तरातला शब्द आणि पडद्यावरचा शब्द एकच राहतो.

वाचणाऱ्याच्या हातातही एक साधी तपासणी आहे. उत्तरात तारीख, रक्कम किंवा बटणाचे नाव असेल आणि पत्त्याच्या पट्टीत भाषांतराची खूण दिसत असेल, तर तिच्यावर टिचकी मारून पान मूळ भाषेत आणावे आणि तेवढे वाक्य पुन्हा वाचावे. साताऱ्याच्या माणसाने असे केले तर त्याला दऱ्या दिसतील, १५ जून दिसेल आणि पडद्यावर Submit नावाचे बटणही सापडेल.