एक धून, तीन नावं

गोव्यात लग्नाच्या वाढदिवसाच्या जेवणात टोस्ट देणाऱ्याला फार तर तीन-चार मिनिटं मिळतात. केक कापून झालेला असतो, ग्लास भरलेले असतात आणि निम्मे पाहुणे सोरपोतेलच्या वासाने अस्वस्थ झालेले असतात. मडगावच्या आमच्या शेजाऱ्यांच्या पन्नासाव्याला टोस्ट माझ्याकडे आला, तेव्हा मी गुणवर्णन सोडून दिलं. लग्नाच्या रात्री ही दोघं पहिल्यांदा कोणत्या धुनेवर नाचली ते पाहुण्यांनी ओळखायचं, एवढंच धरलं.

आधी दोघांना वेगवेगळं गाठलं. अंकल म्हणाले, ‘ॲनिव्हर्सरी साँग’. आंटी म्हणाल्या, ‘छे, डॅन्यूब’. मग दोघांना गुणगुणायला लावलं, तर धून एकच! रुमानियाचा लष्करी बँडमास्टर इव्हानोविची याने १८८० साली रचलेला ‘डॅन्यूबच्या लाटा’ हा वॉल्ट्झ. १९४६च्या ‘द जोल्सन स्टोरी’ या चित्रपटात त्याला इंग्रजी शब्द मिळाले आणि तो लग्नाच्या वाढदिवसांचं गाणं होऊन बसला.

त्या शब्दांतच लग्नाच्या रात्रीचा नाच येतो, म्हणून बँडच्या गायिकेला गप्प राहायला सांगितलं. कीबोर्डवाल्याशी ठरलं ते असं: आधी नुसता डावा हात, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. त्यावरून वॉल्ट्झ आहे इतकंच कळतं. मग उजव्या हाताने पहिली ओळ, आणि तिथेच थांबायचं. पूर्ण धून वाजली की लोक ओळखायचं सोडून टाळ्यांचा ठेका धरतात.

भाषणात मी १९७५ सालचा तो हॉल, अंकलचा उसना कोट आणि आंटींच्या पदरावर, म्हणजे गाउनच्या घोळावर, पडलेला त्यांचा बूट एवढंच सांगितलं. मग खूण केली. डाव्या हातावर कोणी बोललं नाही. उजवा हात सुरू होताच मागून आवाज आला, ‘ब्लू डॅन्यूब!’ हे उत्तर येणार हे मी धरूनच होतो. नदी तीच, पण ती धून स्ट्राउसची, १८६७ची. ती मेजरमध्ये उजळ होत जाते. ही मायनरमधली, पहिल्याच ओळीत जरा उदास होणारी. कीबोर्डवाल्याने दोन्ही पाठोपाठ वाजवल्या आणि फरक कोणाला समजवावा लागला नाही.

तेवढ्यात फोंड्याच्या एक वहिनी उठल्या. ‘अहो, हे तर “बरसात”मधलं राज कपूरचं व्हायोलिन!’ १९४९चा तो चित्रपट. त्यात हीच धून आहे. ‘डॅन्यूबच्या लाटा’ कोणीच म्हणालं नव्हतं, तरी मी वहिनींना पूर्ण गुण दिले. अशा खेळात कागदावरच्या नावाचा हट्ट धरला की मजा जाते. धून ओळखली ना, झालं.

ग्लास उंचावले आणि बँडने सुरुवातीपासून धरलं. अंकल उठले, आंटींचा हात धरला आणि कीबोर्डवाल्याला ओरडून म्हणाले, ‘अरे, जरा सावकाश घे, गुडघे नवे नाहीत!’